कोर्स बंद पडला, हप्ता सुरूच: कर्ज देणाऱ्या वित्त कंपनीला खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, संचालक मंडळ आणि तक्रार निवारण अधिकारी
(माझ्या मुलीच्या ऑनलाइन कोर्ससाठी मला कर्ज देणारी वित्त कंपनी)

महोदय,

5 फेब्रुवारीला सकाळी देवपूजा चालू असताना मोबाइल वाजला. खात्यातून 5,500 रुपये तुमच्याकडे वळते झाल्याचा मेसेज होता. हा आठवा हप्ता. ज्या कोर्ससाठी हे कर्ज घेतलं, तो 15 सप्टेंबर 2025 रोजी बंद झाला. म्हणजे बंद पडलेल्या वर्गासाठी मी भरलेला हा पाचवा हप्ता आहे आणि अजून दहा शिल्लक आहेत.

या पत्रात मी तुमचं नाव घेत नाही. ते तुमच्याकडच्या माझ्या तक्रारीत आहे, कर्ज क्रमांकासह. पण या पाच महिन्यांत राजारामपुरीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात, शाहूपुरीतल्या माझ्या जुन्या बँकेच्या दारात आणि मुलीच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मला अशीच माणसं भेटत गेली. कुणाची कर्ज देणारी कंपनी वेगळी, कुणाचा कोर्स वेगळा, पण मिळालेलं उत्तर एकच. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

ते उत्तर असं: "कोर्स वेगळा, कर्ज वेगळं." तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलीनं ते मला फोनवर तीनदा सांगितलं. तुमच्या 21 ऑक्टोबरच्या ईमेलमध्येही तेच आहे, जरा सभ्य शब्दांत. शिकवणारी कंपनी आणि मी यांच्यातला वाद तुमच्या कर्ज कराराला लागू होत नाही, असं त्यात म्हटलं आहे. हे मला मान्य नाही. का मान्य नाही, ते सांगण्यासाठी आधी झालेला व्यवहार मांडतो.

मी कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेत 31 वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची 12 कर्ज विभागात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. घर चालतं ते मुदत ठेवींच्या व्याजावर आणि तुटपुंज्या पेन्शनवर. मुलगी शिवाजी विद्यापीठाची बी. एस्सी., संख्याशास्त्र घेऊन झालेली. तिला डेटा अॅनालिटिक्सचा कोर्स करायचा होता. 14 जून 2025, शनिवार. संध्याकाळी शिकवणाऱ्या कंपनीच्या समुपदेशकाचा व्हिडिओ कॉल आला. फी 1,08,000 रुपये, 44 आठवड्यांचे थेट वर्ग, आठवड्याला पाच दिवस. 9,000 आत्ता भरा, बाकीचे 99,000 रुपये 18 हप्त्यांत, बिनव्याजी. सवलत आज रात्री बारापर्यंतच. मुलीला उत्पन्न नसल्यामुळं कर्ज वडिलांच्या नावावर. त्यानंच एक लिंक पाठवली. पॅन, आधार, सेल्फी, मग ओटीपी, पुन्हा ओटीपी, मग हप्ता आपोआप वळता करण्याचं मॅन्डेट, त्याचा आणखी एक ओटीपी. पहिल्या लिंकपासून "अभिनंदन" येईपर्यंत 25 मिनिटं गेली. तुमच्या कंपनीचं नाव मी पहिल्यांदा पाहिलं ते चौथ्या पडद्यावर.

आयुष्यभर दुसऱ्यांचे कर्जाचे कागद तपासलेल्या माणसानं स्वतःचे कागद न वाचता सही केली. ती चूक माझी आहे आणि तिचं दुःख मला रोज होतं. पण तुम्ही जे केलं ते माझ्या चुकीत बसत नाही.

वर्ग 30 जूनला सुरू झाले. शिकवणारा मुलगा चांगला होता, लेक खूश होती, रात्री उशिरापर्यंत अभ्यास करायची. 11 आठवडे झाले. 15 सप्टेंबरला ईमेल आला की "कामकाजाच्या कारणांमुळे" तिची तुकडी रद्द करण्यात येत आहे आणि उरलेल्या फीचा परतावा 45 ते 60 कामकाजाच्या दिवसांत थेट कर्ज देणाऱ्या कंपनीकडे जमा होईल. आम्ही वाट पाहिली. 5 ऑक्टोबरला हप्ता गेला. तुम्हाला फोन केला, तर तुम्ही म्हणालात, "पार्टनरकडून कॅन्सलेशनचं कन्फर्मेशन आलेलं नाही, ते आलं की कर्ज बंद करू." पार्टनरला फोन केला, तर ते म्हणाले, "आमच्या बाजूनं प्रोसेस झालं आहे, लेंडरशी बोला." नोव्हेंबरपासून त्यांचा फोनच लागत नाही. तुमच्या संकेतस्थळावरच्या भागीदारांच्या यादीत त्यांचं नाव होतं, त्याचा 6 ऑक्टोबरचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. डिसेंबरात ते नाव यादीतून निघालं.

आता माझं म्हणणं.

कर्ज माझ्या नावावर आहे, पण त्यातला एक रुपयाही माझ्या खात्यात आला नाही. तो तुमच्याकडून थेट शिकवणाऱ्या कंपनीकडे गेला. रिझर्व्ह बँकेचा डिजिटल कर्जाबाबतचा नियम, 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आणि नंतर 8 मे 2025 च्या निर्देशांमध्येही, मुळात असा आहे की कर्जाची रक्कम कर्जदाराच्याच बँक खात्यात गेली पाहिजे. त्याला मोजके अपवाद आहेत. त्यातला एक म्हणजे विशिष्ट कामासाठी दिलेलं कर्ज. तिथं पैसे त्या कामाच्या अंतिम लाभार्थ्याच्या खात्यात थेट देता येतात. तुम्ही माझ्या बाबतीत याच अपवादाचा आधार घेतलात, दुसरा कुठलाही इथं बसत नाही. म्हणजे पैसे देताना हे कर्ज "त्या कोर्ससाठीच" होतं. कोर्स होता म्हणून तुम्हाला माझ्या खात्याला वळसा घालता आला. मग वसुलीच्या वेळी तोच कोर्स तुमच्या लेखी अस्तित्वातच नसावा, हे कसं? पैसे जाताना दोन्ही करार एक आणि हप्ते येताना वेगळे, अशी सोय कोणत्याही कर्ज विभागात चालत नाही.

आमच्या बँकेत ट्रॅक्टरचं कर्ज असलं की पैसे शेतकऱ्याच्या हातात जात नसत, डीलरच्या नावे जात. तुमच्यासारखंच. पण आधी कोटेशन, मग ट्रॅक्टर दारात आल्यावर पाहणी, आरसी बुकावर बँकेचा बोजा आणि मग फाइल पूर्ण. एकदा कागलकडच्या एका शेतकऱ्याला डीलरनं पैसे घेऊन दोन महिने ट्रॅक्टर दिला नाही. आमच्या मॅनेजरसाहेबांनी शेतकऱ्याला "तुमचा वाद तुम्ही बघा" म्हटलं नाही. ते स्वतः डीलरच्या दुकानात जाऊन बसले, कारण चेक बँकेनं दिला होता आणि डीलरला बँकेकडून पुढंही धंदा हवा होता. घरबांधणीच्या कर्जात तर जोत्याचे पैसे वेगळे, स्लॅबचे वेगळे. स्लॅब पडल्याशिवाय पुढचा टप्पा नाही. तुम्ही 44 आठवड्यांच्या शिकवणीचे सगळे पैसे पहिला तास व्हायच्या आधीच देऊन टाकलेत. जोखीम तुम्ही निर्माण केलीत. ती मी का वाहायची?

दुसरी गोष्ट "बिनव्याजी"ची. करार ईमेलवर आल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी तो छापून घेतला आणि चष्मा लावून वाचला. मुख्य माहितीपत्रात कर्जाची रक्कम 84,925 रुपये, व्याजदर वार्षिक 20 टक्के, 5,500 चे 18 हप्ते. 18 गुणिले 5,500 म्हणजे 99,000. गणित बरोबर आहे, मी दोनदा करून पाहिलं. म्हणजे शिकवणाऱ्या कंपनीला तुम्ही 99,000 दिले नाहीत, 84,925 दिले. मधले 14,075 तुमचं व्याज. ते तिनं आपल्या फीतून सोडलं म्हणून मला "बिनव्याजी" असं सांगता आलं. रिझर्व्ह बँकेनं 2013 सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, व्याज कुठं तरी दडवलेलं असतं. इथं ते फीमध्ये दडवलेलं होतं. मला राग त्या व्याजाचा नाही. पण ज्या कंपनीनं तुम्हाला ग्राहक आणून दिला, लिंक पाठवली, माझ्याकडून कागद भरून घेतले आणि तुमच्या व्याजाचा भार उचलला, तिला आज तुम्ही "त्रयस्थ" म्हणता. ती तुमच्यासाठी काम करत होती. अशा मध्यस्थाकडे काम सोपवल्यानं कर्ज देणाऱ्या संस्थेची जबाबदारी कमी होत नाही, हेही 8 मे 2025 च्या त्या निर्देशांमध्ये लिहिलेलं आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. रिझर्व्ह बँकेच्या 15 एप्रिल 2024 च्या परिपत्रकानुसार मुख्य माहितीपत्र कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असायला हवं, त्यातला मजकूर त्याला समजावून सांगायला हवा. आणि सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात ते पत्र हातात पडल्यावर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळायला हवेत. मला ते इंग्रजीत मिळालं, ई-सही झाल्यानंतर मिळालं आणि सवलत रात्री बारापर्यंतची होती. बरं, सही केल्यावर मन बदललं तर कर्जातून बाहेर पडण्याचा अवधी तुमच्या करारात तीन दिवसांचा. 14 जूनला कर्ज, 17 जूनला तो अवधी संपला, पहिला वर्ग 30 जूनला. शिकवणी कशी आहे हे कळायच्या 13 दिवस आधीच माघारीची वाट बंद. शिक्षणासाठीच्या कर्जात हा अवधी वर्ग सुरू झाल्यानंतर मोजला गेला नाही, तर त्याचा उपयोग काय?

"मग हप्ता थांबवा की, मॅन्डेट रद्द करा," असं मला पुष्कळांनी सांगितलं. माझ्या भाच्यानं तर तावातावानं सांगितलं, "मामा, खात्यात पैसेच ठेवू नका. बघू काय करत्यात." हे वाचणाऱ्या पालकांसाठी मी इथं थोडं सविस्तर लिहितो, कारण या जागी माणसं फसतात.

मॅन्डेट आपल्या बँकेत अर्ज देऊन रद्द करता येतं. पण त्यानं कर्ज संपत नाही, फक्त वसुलीचा तो एक रस्ता बंद होतो. कर्ज देणाऱ्याच्या वहीत हप्ता थकतो, दंड लागतो आणि थकबाकी कर्जदारांची पत नोंदवून ठेवणाऱ्या क्रेडिट कंपन्यांकडे नोंदली जाते. खातं रिकामं ठेवण्याचा मार्ग त्याहून वाईट. पुरेसे पैसे नाहीत म्हणून असा इलेक्ट्रॉनिक हप्ता परत गेला, तर 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली तो चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो. नोटीस येऊनही 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तर खटला आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणून आधी लेखी तक्रार, तिची पोच आणि मगच पुढचं पाऊल. मी अजून मॅन्डेट रद्द केलेलं नाही, ते याच कारणानं. मी हप्ते भरतो आहे ते कर्ज मान्य आहे म्हणून नव्हे. प्रत्येक हप्त्यानंतर त्याच दिवशी तुम्हाला "हरकत नोंदवून भरलेला हप्ता" असा ईमेल मी करतो. असे पाच ईमेल तुमच्याकडे आहेत.

जानेवारीत मात्र अडचण झालीच. पत्नीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ठेवीचं व्याज 7 तारखेला जमा होतं. 5 तारखेला खात्यात चार हजार होते. हप्ता परत गेला. तुमचे 500 रुपये लागले, माझ्या बँकेचे वेगळे. 12 तारखेला तुम्ही पुन्हा सादर केला तेव्हा तो वळता झाला. या सात दिवसांत तुमच्या वसुलीच्या माणसांनी मला 14 फोन केले. त्यातले दोन रात्री साडेआठनंतर. तीन फोन माझ्या मुलीला, जिच्या नावावर हे कर्ज नाही. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत, हा रिझर्व्ह बँकेचा 12 ऑगस्ट 2022 चा आदेश आहे. फोनची नोंद माझ्याकडे तारीख आणि वेळेसह आहे. त्या आठवड्यात मुलगी जेवायला बसली की फोन उलटा करून ठेवायची. "बाबा, माझ्यामुळं तुम्हाला ऐकून घ्यावं लागतंय," असं म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडी यायला नको होतं.

आता हिशेब. मी तो बँकेत करायचो तसाच केला आहे, स्वतःच्या बाजूनं न झुकता.

44 आठवड्यांची फी 1,08,000. शिकवलं 11 आठवडे, म्हणजे बरोबर चौथा हिस्सा. त्याचे 27,000 रुपये मी देणं लागतो. जे मिळालं त्याचे पैसे बुडवण्याची माझी इच्छा नाही. कोर्स बंद झाला त्या दिवसापर्यंत मी 9,000 आणि तीन हप्त्यांचे 16,500 असे 25,500 भरले होते. म्हणजे त्या दिवशी माझ्याकडून येणं होतं 1,500 रुपये. त्यानंतर तुम्ही पाच हप्ते घेतलेत, 27,500 रुपये. 1,500 वजा करा. 26,000 रुपये तुम्ही माझ्याकडून जास्त घेतलेले आहेत आणि 55,000 आणखी घ्यायचे ठरवलं आहे.

तुम्ही म्हणाल, आमचे 84,925 त्या कंपनीकडे अडकले. खरं आहे. पण ते परत मिळवण्याची साधनं तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत. तिच्याशी तुमचा लेखी करार आहे, जो मी कधी पाहिलेला नाही. कोर्स रद्द झाला तर परतावा किती दिवसांत द्यायचा, हे त्यात असणारच. तिनं तुमच्याकडे आणलेल्या इतर कर्जांचे पैसे तुम्ही रोखू शकत होतात. तुमच्याकडे वकील आहेत. मी मंगळवार पेठेत बसून दुसऱ्या राज्यातल्या, फोन न उचलणाऱ्या कंपनीमागे लागावं आणि तुम्ही दर महिन्याच्या 5 तारखेला माझ्या खात्यातून आपलं नुकसान भरून घ्यावं, ही वाटणी न्याय्य आहे असं तुमच्यापैकी कुणी छातीवर हात ठेवून सांगेल का?

इतर देशांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. ब्रिटनच्या 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्यात कलम 75 आहे. विक्रेत्याशी आधी ठरवून दिलेल्या कर्जात विक्रेत्यानं शब्द मोडला, तर ठरावीक रकमेच्या मर्यादेत ग्राहक तीच मागणी कर्ज देणाऱ्याकडे करू शकतो. अमेरिकेत 1975 साली केलेल्या नियमानं अशा कर्जाच्या करारातच एक कलम छापावं लागतं. विक्रेत्याविरुद्ध ग्राहकाचे जे हक्क आणि हरकती आहेत, त्या कर्जाचा कागद ज्याच्या हातात असेल त्याच्याविरुद्धही लागू राहतील, असं ते कलम. आपल्याकडे असा स्पष्ट, एका ओळीचा नियम नाही. डिसेंबर 2021 मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं पालकांना सल्ला दिला होता की ऑनलाइन शिकवणीच्या फीसाठी ऑटो डेबिट टाळा, न कळत कर्जावर सही करू नका. सल्ला योग्य होता, पण त्यात सगळी सावधगिरी पालकानं बाळगायची आहे. कर्ज देणाऱ्यावर त्यातून काही बंधन येत नाही. त्या न लिहिलेल्या ओळीत तुमचं "कोर्स वेगळा, कर्ज वेगळं" राहतं.

तरीही कायदा अगदीच मुका नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येतच सदोष सेवा मागे घेऊन किंवा बंद करून तिचे पैसे परत न करणं येतं. बिलात मुदत लिहिली असेल तर तिच्या आत, नसेल तर 30 दिवसांत परतावा द्यायला हवा. त्याच कायद्यानं मी जिथं राहतो तिथं, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात, तक्रार करू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. निकाल लागेपर्यंत हप्ते थांबवण्यासाठी अंतरिम आदेश मागता येतो. तुमच्या कराराच्या 31 व्या कलमात वाद लवादाकडे आणि तुमच्या शहरात चालेल असं लिहिलं आहे. अशा कलमानं ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही. तुमच्या ईमेलमध्ये "करारानुसार आपणास अन्य पर्याय उपलब्ध नाही" असं वाक्य होतं, ते बरोबर नाही, एवढंच सांगतो. अशा वाक्यानं माझ्या लेकीच्या वर्गातल्या दोन मुलांच्या वडिलांनी तक्रारच केली नाही. एक शिरोलीच्या फाउंड्रीत काम करतात, दुसऱ्यांचा भाजीचा गाडा आहे. ते अजूनही हप्ता भरत आहेत.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

1. 15 सप्टेंबर 2025 या तारखेनं माझं कर्ज रद्द करावं, पुढचे दहा हप्ते सादर करू नयेत आणि मॅन्डेट तुमच्या बाजूनं रद्द करून त्याचं पत्र द्यावं.

2. वर दाखवलेले 26,000 आणि जानेवारीतल्या दंडाचे 500 रुपये माझ्या खात्यात परत करावेत. हिशेबात चूक असेल तर आकड्यानिशी दाखवावी, मी दुरुस्त करीन.

3. जानेवारीच्या उशिराची नोंद क्रेडिट कंपन्यांकडे गेली असेल तर ती काढून घ्यावी आणि कर्ज "बंद" असं दाखवावं, "सेटल्ड" असं नव्हे. सेटल्ड या शब्दाचा अर्थ पुढची प्रत्येक बँक "पूर्ण पैसे न देता तडजोड केली" असा घेते. नोंदीची तक्रार 30 दिवसांत सोडवली नाही, तर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

4. त्या तुकडीतल्या ज्यांची कर्जं तुमच्याकडे आहेत, त्या सर्वांना हीच वागणूक द्यावी. तक्रार केली त्यालाच न्याय, असं करू नये. तुकडी रद्द झाल्याचा ईमेल सगळ्यांना एकाच दिवशी आलेला आहे, वेगळा पुरावा मागायची गरज नाही.

5. यापुढं शिकवणीसाठीच्या कर्जाचे पैसे एकरकमी देऊ नयेत. वर्ग होतील तसे महिन्याला किंवा तिमाहीला द्यावेत आणि त्याआधी विद्यार्थ्याकडून वर्ग झाल्याची खात्री ओटीपीनं घ्यावी. कर्ज देताना तुम्ही तीन ओटीपी घेतलेत. हा चौथा जड नाही.

पाचवी मागणी मी रिझर्व्ह बँकेकडंही वेगळ्या पत्रानं केली आहे. सोबत अशी विनंतीही केली आहे की विशिष्ट कामासाठी थेट विक्रेत्याला दिलेल्या कर्जात, ते काम थांबलं की हप्ताही थांबेल, असं त्या अपवादाच्या खालीच लिहावं.

तुमच्याकडे पहिली लेखी तक्रार 7 ऑक्टोबरला दिली, तिची पोच माझ्याकडे आहे. तिचं तुमचं उत्तर मला मान्य नाही, हे मी तेव्हाच कळवलं. तक्रार सोडवायला तुम्हाला असलेले तीस दिवस केव्हाच उलटून गेले. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायला मला आता तुमच्या परवानगीची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या cms.rbi.org.in या पोर्टलवर भरायचा अर्ज, सगळ्या जोडपत्रांसह, तयार करून ठेवला आहे. जिल्हा आयोगासाठीची तक्रारही लिहून झाली आहे. तिच्यात शिकवणारी कंपनी पहिली सामनेवाली आणि तुम्ही दुसरे. दोन्ही पाठवायच्या आधी तुमच्या संचालक मंडळानं एकदा ही फाइल स्वतः पाहावी अशी माझी इच्छा आहे. ग्राहक सेवेतल्या त्या मुलीच्या हातात काही नाही, ते मला तिच्या आवाजावरूनच कळलं. ती तिसऱ्या वेळी म्हणाली, "सर, मला समजतंय, पण माझ्या स्क्रीनवर तेवढाच पर्याय आहे." तिच्या स्क्रीनवर दुसरा पर्याय आणणं तुमच्या हातात आहे.

मुलगी सध्या लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात हिशेब लिहायला जाते आणि उरलेला विषय ग्रंथालयातून पुस्तकं आणून स्वतःच शिकते आहे.

पुढचा हप्ता 5 मार्चला आहे. 28 फेब्रुवारीपर्यंत मला लेखी उत्तर हवं आहे, मराठीत, आणि ज्याच्या अधिकारात निर्णय घेतला त्या अधिकाऱ्याच्या नावासह. ते आलं नाही तर 2 मार्चला, सोमवारी, लोकपालाकडचा अर्ज दाखल होईल आणि तिथं काम झालं नाही तर जिल्हा आयोगातली तक्रार.

आपला,
एक कर्जदार आणि एका विद्यार्थिनीचा बाप
मंगळवार पेठ, कोल्हापूर
9 फेब्रुवारी 2026